कारण : खेळायला

घरात तिला भिंगरी म्हणतात. एका जागी बसत नाही म्हणून हे नाव पडलं, आणि ते पाडणाऱ्या आजोबांना तेव्हा कल्पना नव्हती, की चौदाव्या वर्षी ही मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, ओट्याला पाठ लावून, संध्याकाळभर हलणार नाही. खिडकीखाली बसायचं कारण साधं आहे. घरातलं वायफाय तिथेच नीट पोचतं. वडील बस चालवतात, आई मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसते. दोघांचे फोन दोघांबरोबर कामावर जातात. मागे उरतो शाळेचा लॅपटॉप.

हा लॅपटॉप शाळेने वर्षापुरता दिलेला आहे. राखाडी, जाड कडांचा, झाकणावर क्रमांकाची चिकटपट्टी. उघडला, शाळेचं खातं आणि परवलीचा शब्द टाकला, की समोर येतो ब्राउझर. त्याच्यामागे काही नाही. त्यात कसलंही ॲप टाकता येत नाही. टाकायला गेलं तर पडदा सभ्यपणे सांगतो की ही सोय तुमच्या संस्थेने बंद ठेवली आहे. खेळाची फाइल उतरवून घेतली तरी ती तिथे पडून राहते, चालत नाही. लॅपटॉप हातात आला त्या पहिल्या आठवड्यात वर्गातल्या बहुतेकांनी हे सगळं करून पाहिलं आणि हात टेकले. भिंगरीने हात टेकले नाहीत, कारण तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. बाकीच्यांना घरी गेल्यावर फोन होते.

मग तिने जे उघडं होतं त्यातच काय बसतं ते शोधायला घेतलं. ब्राउझरच्या पानात चालणारे खेळ तिला वर्षभरात असे पाठ झाले, जसे एखाद्या गृहिणीला बाजारातले भाव. कोणता खेळ पान उघडल्यावर लगेच चालू होतो आणि कोणता आधी ढीगभर चित्रं मागवत बसतो. कोणता नुसत्या टचपॅडवर खेळता येतो आणि कशाला माउस लागतोच. कोणता खेळ एकदा पानात उतरला की मध्येच नेट गेलं तरी बिनतक्रार चालतो, आणि कोणता क्षणभराच्या खंडानेही मान टाकतो. कोणता आपली प्रगती ब्राउझरच्या साठ्यात ठेवतो, म्हणजे उद्या उघडला तर जिथे सोडला तिथे सापडतो. आणि तो साठा कुणी "साफ" केला की खेळात तीन महिने खपून वसवलेलं गाव कसं एका झटक्यात जमीनदोस्त होतं. हे शेवटचं ती स्वतःच्या अनुभवावरून शिकली होती. त्या दिवशी तिचा चेहरा बघून आईने विचारलं, की परीक्षेत गुण कमी पडले का. नाही म्हटल्यावर आई निश्चिंत झाली.

वर्गात तिच्या या ज्ञानाला मान होता, आणि घरचं नाव तिथेही पोचलं होतं. मधल्या सुट्टीत कुणीही येऊन विचारायचं, "भिंगरे, आज काय उघडतंय?"

कारण उघडण्यावर पहारा होता. शाळेच्या खात्यातून जे जे पान मागवलं जाईल ते गाळणीतून जायचं, लॅपटॉप शाळेत असो की घरी. खेळाचं पान असेल तर बहुधा पडद्यावर अडवल्याची खूण म्हणून एक ढाल यायची आणि खाली एक चौकट : हे पान का हवे? चौकट भरून पाठवली की विनंती जायची जिन्याखालच्या खोलीत. तिथे बसायच्या शाळेच्या संगणकविभागाच्या बाई. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं फायरवॉल बाई. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. त्यांच्या खोलीच्या दारावर कुणीतरी पेन्सिलीने काढलेली विटांची भिंत त्यांनी पुसली नव्हती.

खोली म्हणजे लॅपटॉपचा दवाखाना. एका फळीवर कळा निखळलेले, एकावर पडदा फुटलेले. त्यातले निम्मे झाकण मिटताना आत पेन राहिल्यामुळे फुटलेले. कळांमधून ब्रेडचा चुरा काढायला बाईंनी रंगाचा एक जुना ब्रश ठेवला होता. या कामातून वेळ काढून त्या विनंत्या वाचायच्या, आणि विनंत्यांमध्ये मोठा एकसुरीपणा होता. मोटारींच्या शर्यतीचं पान हवंय, कारण : अभ्यासासाठी. झोंबी मारायचं पान, कारण : प्रकल्पासाठी. एकाने तर "आईने सांगितले आहे" असंही लिहिलं होतं. या ढिगात एके दिवशी एक विनंती आली, तिच्यात लिहिलं होतं : खेळायला. बाईंनी ते पान उघडून पाहिलं, त्यात जाहिराती फार होत्या म्हणून नाकारलं, पण पाठवणारीचं नाव लक्षात ठेवलं. पुढेही त्या मुलीच्या प्रत्येक विनंतीत तोच एक शब्द असायचा. काही मंजूर झाल्या, बऱ्याच झाल्या नाहीत. दोघींची समोरासमोर ओळख अजून झालेली नव्हती.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. अडचण आली ती नातेवाइकांकडून.

भिंगरीचा एक मावसभाऊ आहे, कॉलेजात शिकणारा. त्याला सगळे दादा म्हणतात. मामाला दोन जुळ्या मुली, भिंगरीच्याच वयाच्या. चौघं तीन वेगवेगळ्या गावांत राहतात, पण रविवारी दुपारी एकत्र खेळायचं हा त्यांचा जुना शिरस्ता. पूर्वी सुट्टीत एका घरी जमून पत्ते व्हायचे. जोड्याही ठरलेल्या : जुळ्या एकीकडे, दादा आणि भिंगरी दुसरीकडे. मग दादाने नवा संगणक घेतला, जुळ्यांना टॅब्लेट मिळाले, आणि तिघांनी एक मोठा थोरला खेळ उतरवून घेतला. असा, की तो ॲप टाकल्याशिवाय चालत नाही. दादाच्या जोडीला शेजारचा मित्र आला. भिंगरी रविवारी आईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून तिघांचे चेहरे बघत बसायची. ते ज्या पडद्याकडे बघत होते तो पडदा तिला दिसत नव्हता.

आईचाच फोन का नाही वापरत, असं जुळ्यांपैकी एकीने विचारलं. वापरून पाहिला होता. त्या जुन्या फोनमध्ये तो खेळ मावतच नव्हता. त्यावर दुसरी जुळी म्हणाली, की मग तू समालोचन कर, आवाज छान आहे तुझा. भिंगरीने दोन रविवार समालोचनही केलं. काय चाललंय ते न दिसता. ते इतकं चुकीचं होतं की तिघं हसून लोळले, आणि तीही हसली. तिसऱ्या रविवारी मात्र तिने कॉल लावला नाही.

दादाने फोन केला तेव्हा तिने सरळ विचारलं, की तिच्या लॅपटॉपवर चालणारा खेळ आणला तर ते तिघं खेळतील का. दादा जरा अडखळला. शेजारचा मित्र चांगला खेळत होता, आणि त्याने कायमचा जोडीदार व्हायचं विचारलंही होतं. शेवटी दादा म्हणाला, "पुढच्या रविवारी तुझा खेळ. चौघांकडे चालला पाहिजे, आणि भिकार दिसता कामा नये. नाही चाललं तर मग मी त्याला हो म्हणतो. रागवायचं नाही."

"चालेल," भिंगरी म्हणाली. रागवायचं की नाही त्यावर ती काही बोलली नाही.

पहिली निवड चुकली. रणगाड्यांचा एक खेळ होता, वेगवान, देखणा. तिने विनंती पाठवली आणि दुपारपर्यंत उत्तर आलं : यात अनोळखी लोक थेट लिहू शकतात. नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाने सल्ला दिला, की त्याच खेळाच्या नकला दुसऱ्या पत्त्यांवर मिळतात, त्यातली एखादी गाळणीतून निसटते. हे भिंगरीला ठाऊक होतं. तशा पानांवर खेळ असतो तळहाताएवढा आणि भोवती तुमच्या संगणकात विषाणू शिरल्याच्या जाहिराती नाचत असतात. शिवाय आज निसटलेलं पान उद्या अडतं. रविवारसाठी असलं कच्चं मडकं उपयोगाचं नव्हतं.

तिने बाईंच्या नकारांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. वर्षभरात आलेले सगळे नकार आठवून त्यातून बाईंना काय नको असतं ते काढलं : उघड्या गप्पा, खातं काढायला लावणं, ईमेल मागणं, जाहिरातींचा भडिमार. मग या चाळणीतून पार होईल असा खेळ शोधला. तो रुळांचा खेळ होता. नकाशावर पाळीपाळीने रुळाचा एकेक तुकडा टाकायचा, आपली स्थानकं जोडायची, दुसऱ्याची वाट अडवायची. दोन जोड्यांना खेळता येत होता. खातं नको, नाव नको. एकाने खोली उघडायची, तिचा दुवा बाकीच्यांना पाठवायचा, दुवा ज्याच्याकडे तोच आत. लिहायची सोयच नाही, फक्त पाच चेहरे : हसरा, रडका, चिडका, झोपाळू आणि जीभ काढलेला. आणि फोन, टॅब्लेट, संगणक, सगळीकडे ब्राउझरमध्येच चालायचा, त्यामुळे दादा-जुळ्यांनाही काही उतरवून घ्यावं लागणार नव्हतं.

बाईंनी पान उघडलं, यंत्राविरुद्ध एक डाव खेळून पाहिला, खोलीही उघडून पाहिली. डाव हरल्या. विनंती मंजूर केली. शाळेच्या वेळेत बंद, नंतर आणि सुट्टीला उघडं.

त्या संध्याकाळी भिंगरीने खिडकीखाली बसून यंत्राविरुद्ध डावामागून डाव खेळले. खेळ लोण्यासारखा चालत होता. वडिलांनी मागे उभं राहून थोडा वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, की हा रूळ असा वळवलास तर गाडी नाल्यात जाईल. नाला वगैरे नव्हता, पण त्यांचं वळणाबद्दलचं म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दादाबरोबर रंगीत तालीम करायची ठरली. भिंगरीने खोली उघडायचं बटण दाबलं. "जोडत आहे" असे शब्द आले, खाली एक चाक फिरायला लागलं, आणि फिरतच राहिलं. दादा दुव्याची वाट बघत होता. तिने पान पुन्हा उघडलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, ओट्यावर चढून खिडकीच्या आणखी जवळ धरला. चाक फिरत राहिलं. यंत्राविरुद्धचा डाव अजूनही मजेत चालत होता, त्यामुळे गोंधळ वाढला. दादा फोनवर समजूतदारपणे बोलायला लागला. ते तिला अजिबात आवडलं नाही.

सकाळी ती जिन्याखालच्या खोलीत गेली. बाई एका लॅपटॉपच्या पोटातून बॅटरी काढत होत्या. भिंगरीने आपलं नाव सांगितलं.

"खेळायला?" बाईंनी विचारलं.

"हो. पण खोली उघडत नाही, बाई."

बाईंनी हात पुसले, आपल्या टेबलावरच्या संगणकावर तोच खेळ लावला आणि बटण दाबलं. खोली उघडली. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "माझ्याकडे चालतंय बघ. तुझ्या घरचं नेट कमजोर असणार. एकट्याच्या खेळाला नेट लागत नाही, चौघांच्याला लागतं." हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. दारात भूगोलाचे सर आपला लॅपटॉप घेऊन उभे होते. त्यांच्या वर्गात नकाशा उघडत नव्हता. त्यांनाही बाईंनी आपल्या संगणकावर तो नकाशा उघडून दाखवला. सर म्हणाले, "तुमच्याकडे सगळंच चालतं हो," आणि सुस्कारा टाकून गेले.

भिंगरीला घरच्या नेटबद्दल शंका होती, पण नुसत्या शंकेवर भांडता येत नाही. शाळा सुटल्यावर, खेळाची वेळ उघडताच, तिने फाटकाजवळ शाळेच्याच वायफायवर पाहिलं. चाक फिरत होतं. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा लॅपटॉप मागून त्याच्यावर पाहिलं. तिथेही तेच. घरी आई कामावरून येईपर्यंत थांबली, आणि चपला काढायच्या आत तिच्याकडून फोन घेतला. तोच खिडकीखालचा कोपरा, तेच कमजोर वायफाय. लॅपटॉप मांडीवर, फोन गुडघ्यावर. फोनच्या ब्राउझरमध्ये खोली चटकन उघडली. लॅपटॉपवर चाक. तिने आईला बोलावून दोन्ही दाखवलं. आई म्हणाली, की गल्ल्यावर असं झालं की आम्ही एकच माल किंमत वाचणाऱ्या दोन यंत्रांवरून फिरवून बघतो, म्हणजे खोट मालात की यंत्रात ते कळतं. आणि मग तिने विचारलं, आता फोन परत मिळेल का.

दुसऱ्या सकाळी भिंगरीने बाईंना हे सगळं क्रमाने सांगितलं. फोनवर चालतं, म्हणजे घरचं नेट पुरतं. शाळेच्या नेटवरही चालत नाही, दुसऱ्याच्या लॅपटॉपवरही नाही. म्हणजे नेट दोषी नाही, तिचा लॅपटॉपही नाही. उरलं काय, तर शाळेचं खातं. एवढं सांगून ती म्हणाली, "तुमच्या संगणकाला गाळणी आहे का, बाई?"

त्यांच्या संगणकाला गाळणी नव्हती. असून चाललंच नसतं. अडवायची पानं बघायची तर ती आधी उघडावी लागतात. गेली अनेक वर्षं त्या प्रत्येक तक्रार या एकाच बिनगाळणीच्या संगणकावर तपासत होत्या, आणि प्रत्येकाला खरं तेच सांगत होत्या, की माझ्याकडे चालतंय.

त्यांनी भिंगरीचा लॅपटॉप घेतला, तिच्या वर्गासाठीची वेळेची बंदी थोडी बाजूला सारली, तिला बटण दाबायला सांगितलं आणि स्वतः गाळणीची नोंद उघडून बसल्या. चाक फिरायला लागलं तशी नोंदीत एक ओळ उमटली : अडवले. पत्ता खेळाच्या पानाचा नव्हता. पान एका ठिकाणाहून येत होतं आणि चौघांना एकमेकांशी जोडणारा सर्व्हर राहत होता दुसऱ्याच पत्त्यावर. बाईंनी परवानगी दिली होती पहिल्याला. दुसरा गाळणीला अनोळखी होता आणि अनोळखी पत्ता अडवायचा असा तिला हुकूम होता. सगळं पानच अडलं तर पडद्यावर ढाल दिसते. पानाने आतून मागवलेली एखादी गोष्ट अडली तर काहीच दिसत नाही, पान बिचारं वाट बघत राहतं. लॅपटॉपवर बसलेल्या मुलाला हे कळायला वाव नाही, कारण पानाच्या आत डोकावायची साधनंही शाळेने बंद ठेवलेली असतात. बाईंनीच ठेवली होती.

त्यांनी तो पत्ता कुणाचा आहे ते तपासलं, मंजूर यादीत घातला आणि लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितलं, म्हणजे नवा हुकूम त्याच्यापर्यंत पोचेल. भिंगरीने खातं उघडलं, बटण दाबलं. चाक अर्धा फेरा फिरलं आणि खोली उघडली.

"बरं," बाई म्हणाल्या, "आता तू वर्गात जा. मला नकाशाकडे बघायचंय."

त्या दुपारी बाईंनी गाळणीखाली एका खोट्या विद्यार्थ्याचं खातं तयार केलं, नववीतल्या. फळीवरून एक बरा होत आलेला लॅपटॉप उचलून त्याला दिला आणि स्वतः त्याच्या नावाने आत शिरून भूगोलाच्या सरांचा नकाशा उघडला. पान आलं, नकाशाची जागा पांढरीफटक. नकाशाची चित्रंही वेगळ्याच पत्त्यावरून यायची होती. बाईंनी सरांना निरोप पाठवला, की आता बघा. माफी वगैरे मागितली नाही. पुढच्या तासाला सरांनी नकाशा इतका मोठा करून दाखवला, की मागच्या बाकांवरच्या मुलांना आपापल्या घराची छपरं मोजता आली. त्या आठवड्यात खोट्या विद्यार्थ्याला आणखी बरंच काही अडलेलं सापडलं. शाळेतल्या सगळ्यांत जास्त तक्रारी करणारा मुलगा आता तोच आहे.

रविवारी भिंगरीने चार्जर आधीच लावून ठेवला होता. खोली तिने उघडली, दुवा तिने पाठवला. शाळेच्या खात्यातून बाहेर मेल जात नाही, म्हणून तो पडद्यावरून बघून आईच्या फोनवर एकेक अक्षर टाइप करून पाठवावा लागला. दादाला पाठवलेल्या दुव्यात एक अक्षर चुकलं आणि तो कुठल्यातरी परक्या, रिकाम्या खोलीत जाऊन बसला. तिथून तो फोनवर ओरडत होता, की मी आलोय, तुम्ही कुठे आहात. जुळ्या आधी पोचल्या. खेळाची साधी, सपाट चित्रं बघून मोठी जुळी म्हणाली, "हे काय, बालवाडी?"

चौथा येईपर्यंत खेळ सरावाचे रूळ टाकू देत होता, आणि धाकटीने तेवढ्यात मोठीचाच रूळ अडवला होता. आपली बहीण आपल्याच जोडीत आहे हे धाकटीच्या लक्षात आलं नव्हतं. त्यावर दोघींचं जे वाजलं ते मामीला पलीकडच्या खोलीतून येऊन थांबवावं लागलं.

दादा योग्य खोलीत आला तेव्हा त्याला काहीच येत नव्हतं. भिंगरी फोनवर त्याला सांगत होती, इथे टाक, तिथे नको, ते वळण सोड. दादा आधी "माहितीये गं" म्हणत होता. मग नुसतं "हं" म्हणायला लागला, आणि नंतर न सांगताच तिच्या रुळाला आपला रूळ जोडायला लागला. पहिला डाव जुळ्या हरल्या. दुसराही हरल्या. जीभ काढलेला चेहरा पडद्यावर इतक्या वेळा आला की खेळाने काही काळ तो बंदच करून टाकला. तिसऱ्या डावात जुळ्यांनी आपसात भांडणं थांबवली आणि शेवटच्या तुकड्यावर जिंकल्या. मोठी जुळी आता बालवाडीचं नाव काढत नव्हती. चौथा डाव हवाच, असं ती म्हणत होती, बरोबरी केल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

मध्येच दादाच्या दारावर थाप पडली. शेजारचा मित्र होता. दादाचा आवाज फोनपासून लांब गेला, पण ऐकू आला. तो म्हणाला, "नाही रे, जोडीदार आहे मला. तू बस हवं तर, बघ."

दादा परत आला तेव्हा खोलीत चौथ्या डावासाठी तिघींचे रंग तयार होते आणि त्याची जागा लुकलुकत होती. भिंगरीने विचारलं, "येतोस ना? पहिली पाळी तुझी आहे."